ओढून बघा

उमरोळी हे पालघर आणि बोईसरच्या मधलं स्टेशन. इथून रोज कुणी मुंबईची गाडी धरतं, कुणी मोटरसायकलला किक मारून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जातं. या संवादातले काका दुसऱ्या वाटेचे, तिथल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहेत. पुतणी पहिल्या वाटेची, मुंबईत अॅनिमेशनचं काम करते. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा महिन्यासाठी कारखान्याला तीस सेकंदांची अॅनिमेशन फिल्म हवी होती. ती कॅन्टीनच्या टीव्हीवर चालणार आणि कामगारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणार. मजकूर काकांनी लिहिला होता. तो वाचल्यावर जे बोलणं झालं, ते असं.

पुतणी: काका, हे मी घड्याळ लावून मोठ्याने वाचलं. सव्वा मिनिट लागलं, आणि तेही श्वास न घेता.

काका: मग थोडं भरभर वाचायचं. मुद्दे सगळे लागणारच. हेल्मेट, मोबाईल, दारू, ट्रिपल सीट, वेग, रात्रीचे दिवे. शेवटी धडक, आईचा हंबरडा आणि मृतांचा आकडा. यातलं खोटं काय आहे?

पुतणी: खोटं काहीच नाही. पण मराठी निवेदन ऐकणाऱ्याला समजेल अशा चालीत बोललं, तर सेकंदाला दोन, फार तर अडीच शब्द बसतात. तीस सेकंद सलग बोललं तरी साठ-सत्तर शब्द झाले. त्यातही चित्राला बोलू द्यायचं तर आपण गप्प बसायला हवं. मी वीस शब्दांच्या वर जाणार नाही.

काका: वीस शब्दांत सहा मुद्दे कसे सांगणार?

पुतणी: नाहीच सांगणार. एकच सांगायचा.

काका: मग बाकीचे पाच काय बिनमहत्त्वाचे? उद्या कुणी फोनवर बोलत ट्रकखाली गेला, तर मला विचारतील की फिल्ममध्ये मोबाईल का नव्हता.

पुतणी: एक विचारते. सप्टेंबर 2022 मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. आपल्याच जिल्ह्यातला. त्यातून तुमच्या डोक्यात काय राहिलं?

काका: मागच्या सीटचा बेल्ट. मागे बसलेले दोघं गेले, आणि त्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं.

पुतणी: त्या वेळी वेगाची चर्चा झाली, पूल अरुंद होत जातो त्याची झाली, ओव्हरटेकिंगचीही झाली. पण देशभर लोकांच्या तोंडी राहिली ती मागच्या सीटच्या बेल्टची गोष्ट. कारण ती एका वाक्यात सांगता येते आणि गाडीत बसल्याबरोबर हाताने करता येते. ‘सावध राहा’ म्हटलं, तर हाताने नेमकं काय करायचं? ते कुणालाच कळत नाही.

काका: बरं, एकच घेऊ. मग हेल्मेट घे. मोटरसायकलवाल्यांसाठी त्याहून मोठं काही नाही. 2022 साली हेल्मेट न घातलेले 50,029 जण देशात मेले, रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच आकडा आहे.

पुतणी: तुमच्या गेटवर हेल्मेट नसेल तर आत सोडतात?

काका: नाही सोडत. सिक्युरिटी परत पाठवते.

पुतणी: म्हणजे तुमच्या प्रत्येक कामगाराकडे हेल्मेट आहे. ‘हेल्मेट घाला’ असं ज्यांनी घातलंय त्यांनाच सांगायचं?

काका: (जरा थांबून) खरं सांगू का? शिफ्ट बदलते तेव्हा मी गेटवर उभा असतो. हेल्मेट सगळ्यांच्या डोक्यावर असतं. पण पट्टा बहुतेकांचा लोंबत असतो. काहींचं बक्कलच तुटलेलं असतं, आणि त्यांना ते ठाऊकही नसतं.

पुतणी: हा तुमचा धडा, काका.

काका: पट्टा? एवढीशी गोष्ट?

पुतणी: तुम्हीच सांगा ना, पट्टा नसला तर काय होतं?

काका: होतं काय, गाडी आदळली की माणूस फेकला जातो आणि डोकं जमिनीला लागायच्या आधीच हेल्मेट निघून जातं. मग ते असून नसल्यासारखं. कायद्यातही ते आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये हेल्मेट पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असावं असंच म्हटलंय. पण पोलीस लांबून डोकं बघतो, हनुवटी बघत नाही.

पुतणी: म्हणजे नियम माहीत आहे, वस्तू जवळ आहे, फक्त शेवटचं एक काम राहतंय. तीस सेकंदांत नवीन सवय लागत नाही. अर्धवट राहिलेलं काम मात्र पुरं करून घेता येतं. आणि तो आकडा काढायचा. तो उघड्या डोक्यांचा आकडा आहे, लोंबत्या पट्ट्यांचा नाही. तो ठेवला तर चित्र एक सांगेल आणि आकडा दुसरंच.

काका: आकडा काढ हवा तर. पण धडक काढू नकोस. माणूस घाबरल्याशिवाय ऐकत नाही. तीस वर्षं कारखान्यात बघतोय.

पुतणी: यावर एक जुना प्रयोग आहे. 1965 मध्ये हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात धनुर्वातावरची माहितीपत्रकं विद्यार्थ्यांना वाचायला दिली. काहींच्या पत्रकात अंगावर काटा येईल असे फोटो आणि वर्णनं होती, काहींच्यात सौम्य मजकूर होता. ज्यांनी भयानक पत्रक वाचलं ते जास्त घाबरले, इंजेक्शन घ्यायला हवं असंही जास्त ठामपणे म्हणाले. पण प्रत्यक्षात जाऊन घेतलं किती जणांनी? नुसतं पत्रक वाचलेल्यांपैकी शंभरात तिघांनी. काहींना मात्र पत्रकाबरोबर दवाखान्याचा नकाशा दिला होता आणि आपल्या वेळापत्रकात तिकडे कधी जायचं ते बघायला सांगितलं होतं. त्यांच्यात हे प्रमाण शंभरात अठ्ठावीसच्या आसपास गेलं. आणि पत्रक सौम्य होतं की भयानक, याने फारसा फरक पडला नाही.

काका: मग भीतीची गरजच नाही असं म्हण.

पुतणी: तसंही नाही. ज्यांना काहीच भीती घातली नव्हती, नुसता नकाशा दिला होता, ते गेले नाहीत. थोडी भीती लागते. पण भीती दाखवून वाट दाखवली नाही, तर माणूस स्क्रीनवरून नजर काढतो. हंबरडा सुरू झाला की कॅन्टीनमधला माणूस ताटात बघेल.

काका: ठीक. थोडी भीती, आणि लगेच वाट. आता गोष्ट काय?

पुतणी: एक सुचली आहे. कारखान्याचं गेट. एक गडी येतोय, पट्टा लोंबतोय. स्पीडब्रेकरवर हेल्मेट उडतं आणि घरंगळत त्याच्या आधी गेटपाशी पोहोचतं. वॉचमन नियमाचा पक्का. हेल्मेट आलं म्हणून तो दांडा वर करतो, हेल्मेट आत जातं. मागून माणूस उघड्या डोक्याने येतो, तर दांडा खाली. शेवटी तो हेल्मेट घालतो, पट्टा ‘टक्’ लावतो आणि त्या आवाजासरशी दांडा वर जातो. लोक हसतील आणि लक्षातही ठेवतील.

काका: हसू आलं मला, पण चालणार नाही.

पुतणी: का?

काका: कारण माझा रोग हाच आहे. माणसं हेल्मेट गेटसाठीच घालतात. वसाहतीच्या तोंडापर्यंत ते आरशाला टांगलेलं असतं, गेट दिसलं की डोक्यावर येतं. तुझ्या गोष्टीत शेवटचं बक्षीस म्हणजे दांडा वर जाणं. म्हणजे पट्टासुद्धा वॉचमनसाठी लावायचा. गेट गेलं की पुन्हा लोंबता.

पुतणी: ... हे पटलं. शेवटी काय मिळालं, तेच धडा म्हणून लक्षात राहतं. गेट उघडलं तर धडा गेटचा होतो.

काका: आणि आणखी एक. तुझा ‘टक्’ कॅन्टीनमध्ये कोण ऐकणार? ताटांचा खडखडाट, वर पंखे. टीव्हीचा आवाज बंदच असतो आमच्याकडे.

पुतणी: व्हॉट्सअॅपवरही लोक आवाज बंद ठेवूनच बघतात. म्हणजे शेवट नुसत्या डोळ्यांना कळला पाहिजे, आवाज वरून मिळाला तर मिळाला. काका, पट्टा नीट लागलाय की नाही हे तुम्ही ट्रेनिंगमध्ये कसं तपासता?

काका: सोपं आहे. हेल्मेट घालून पट्टा लावायचा. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवायची. मग मागून हेल्मेटची खालची कड धरायची आणि वर-पुढे ओढायची. निघून हातात आलं, तर ते अपघातातही निघणार. डोकंच पुढे वाकलं आणि हेल्मेट जागच्या जागी राहिलं, तर ठीक.

पुतणी: हाच शेवट! मोटरसायकलवर मागची कड कुणाच्या हाताशी असते?

काका: मागे बसलेल्याच्या.

पुतणी: दोन मित्र एका गाडीवरून शिफ्टला चाललेत. मागचा पुढच्याची कड ओढतो, हेल्मेट त्याच्या हातात येतं. पुढचा पट्टा लावतो. मागचा पुन्हा ओढतो. या वेळी पुढच्याचं नाक पेट्रोलच्या टाकीला टेकतं, पण हेल्मेट डोक्यावरच. तिथे फिल्म संपते. आता कॅन्टीनमधून उठल्यावर पोरं पार्किंगमध्ये काय करतील?

काका: एकमेकांची हेल्मेटं ओढतील. (हसतात) ती कार्टी ओढल्याशिवाय राहायची नाहीत.

पुतणी: मग माझी फिल्म तीस सेकंदांनी संपत नाही, पार्किंगमध्ये पुढे चालू राहते. शेवट लक्षात राहायचा तर तो नुसता बघून भागत नाही, करून बघावासा वाटला पाहिजे. तुमची वॉचमनची हरकत आली नसती, तर मी तिथेच थांबले असते.

काका: पण तुझ्या स्पीडब्रेकरचं काय? तो राहू दे. थोडी भीती हवी म्हणालीस ना, ती तिथे आहे. साध्या उसळीत जे टिकलं नाही, ते पडल्यावर काय टिकणार? हे बघणाऱ्याच्या मनात आपोआप येतं, रक्त दाखवावं लागत नाही.

पुतणी: हेल्मेट उडून रस्त्यावर पडतं आणि हा ते उचलून...

काका: थांब. रस्त्यावर पडलेलं हेल्मेट आणायला धावणारा माणूस दाखवायचा नाही, मागून टँकर येतो. शिवाय डांबरावर आपटलेलं हेल्मेट पुन्हा डोक्यावर घालताना मी दाखवू देणार नाही. आतला थर्माकोल एकदा दबला की दबलाच. बाहेरून चांगलं दिसतं, पण पुढच्या आपटीला उपयोग नाही.

पुतणी: मग पडेल कुठे?

काका: जानेवारी आहे. भाताची झोडणी झालेली, रस्त्याकडेला पेंढ्याचे ढीग आहेत. पेंढ्यात पाड.

पुतणी: वा! पेंढ्यातून एक कोंबडी पंख फडफडवत उठली तर?

काका: मग लोक कोंबडीच लक्षात ठेवतील. हे तूच सांगायला हवं होतंस मला.

पुतणी: काढली कोंबडी.

काका: चित्रं वारली पद्धतीची कर. डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. आपल्या जिल्ह्याची ओळख आहे, बघणाऱ्याला आपलं वाटेल.

पुतणी: मलाही आधी तेच वाटलं होतं. कागदावर काढून बघितलं. वारली माणूस म्हणजे दोन त्रिकोणांचं अंग आणि वर एक गोल डोकं. त्याला हनुवटी कुठे आहे? हेल्मेट घातलं की गोलावर गोल होतो आणि पट्टा दिसायला जागाच उरत नाही. सगळा धडा हनुवटीखाली आहे आणि तीच या चित्रात नाही. नुसत्या सजावटीसाठी मी वारली वापरणार नाही.

काका: मग कशी?

पुतणी: साधी, जाड रेषेची माणसं. डोकं अंगाच्या मानाने मोठं, हनुवटी ठळक. सगळं चित्र मंद रंगांत आणि पट्टा एकटाच लालभडक. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर नजर दुसरीकडे जाणार नाही. आणि रस्त्याची बाजू सांभाळायची. तयार मिळणाऱ्या परदेशी पार्श्वभूमीत गाड्या उजवीकडून चालतात. आपली मोटरसायकल रस्त्याच्या अलीकडच्या कडेने दाखवायची असेल, तर ती पडद्यावर उजवीकडून डावीकडे जायला हवी. उलटी नेली, तर आपला गडी समोरून येणाऱ्यांच्या बाजूने चाललेला दिसेल, आणि सुरक्षेची फिल्म चुकीच्या बाजूने गाडी चालवायला शिकवेल.

काका: मागे बसलेल्यालाही हेल्मेट हवं. पट्टा लावलेलं. चप्पल नको, बूट. तिसरा माणूस चुकूनही दाखवू नकोस. माझे जे पाच मुद्दे तू काढलेस, ते असे मुकाट्याने आत येऊ देत.

पुतणी: ही चांगली तोड आहे. सांगायचा एक, बाकीचे पाळलेले दिसायचे. आता वेळ वाटून घेऊ. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे एकूण 750. प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवलं, तरी सगळं हलतं ठेवायला 375 चित्रं लागतील. एवढी काढायची नाहीत, जिथे थांबायचं तिथे थांबायचं. ऐका.

पहिली चार सेकंद: सकाळ, गावाबाहेरचा रस्ता, गाडीवर दोघे. कॅमेरा पुढच्याच्या हनुवटीजवळ जातो, लाल पट्टा वाऱ्यावर हलतोय. बोलणं नाही.

चार ते दहा: स्पीडब्रेकर. हेल्मेट जरा उडतं, परत बसतं. दुसऱ्या उसळीला ते उडून पेंढ्यात जातं. गाडी कडेला थांबते.

दहा ते सतरा: गड्याने हेल्मेट पुन्हा घातलंय, पट्टा तसाच लोंबतोय. मागचा कड धरून ओढतो, हेल्मेट त्याच्या हातात. दोघे एकमेकांकडे बघतात. इथे पूर्ण एक सेकंद कुणीही हलायचं नाही. विनोद कळायला तेवढा वेळ लागतो. निवेदक म्हणतो, ‘उसळीला टिकलं नाही. पडल्यावर टिकेल?’

सतरा ते बावीस: लाल पट्टा, बक्कल, टक्. पडदाभर फक्त हनुवटी.

बावीस ते सत्तावीस: मागचा पुन्हा ओढतो. नाक टाकीला, हेल्मेट जागेवर. ‘ओढून बघा. हातात आलं, तर पट्टा लावा.’

शेवटची तीन सेकंद: तेच चित्र स्थिर. वर तीच दोन वाक्यं, मोठ्या अक्षरांत.

काका: घोषवाक्य जरा खटकेबाज हवं. ‘लावा पट्टा, नको थट्टा’ कसं वाटतं? आपल्या घाटातलं ‘अति घाई, संकटात नेई’ अजून पाठ आहे लोकांना.

पुतणी: त्या पाटीत यमकच अर्थ वाहून नेतं. घाई केली की संकट, कारण आणि परिणाम. ‘पट्टा’शी ‘थट्टा’ जुळते, पण थट्टा कुणी केली? यमकासाठी नवीनच माणूस गोष्टीत आणावा लागतो. ‘ओढून बघा’ला यमक नाही, पण चित्रात जे घडतंय तेच शब्दांत आहे.

काका: कंपनीचं बोधचिन्ह कुठे? साहेब विचारतील.

पुतणी: त्याच स्थिर चित्राच्या कोपऱ्यात, लहान. वेगळी पाटी केली तर शेवट बोधचिन्हाचा होईल, पट्ट्याचा नाही.

इथे बोलणं थांबलं. पुतणीने पेन्सिलीची कच्ची चित्रं वेळेप्रमाणे ओळीने लावली, मोबाईलवर स्वतःच्या आवाजात निवेदन भरलं आणि तो कच्चा तुकडा काकांनी कॅन्टीनमध्ये आवाज बंद ठेवून दाखवला. पक्की चित्रं काढण्याआधी हे करावंच लागतं. कच्च्यात चूक सापडली तर संध्याकाळ जाते, पक्क्यात सापडली तर काही आठवडे.

काका: ‘आवडली का’ म्हणून विचारलं. सगळे म्हणाले, छान आहे.

पुतणी: त्या प्रश्नाला सगळे छानच म्हणतात. मी सांगितलेला प्रश्न विचारलात?

काका: विचारला. ‘ही फिल्म काय करायला सांगते?’ बरेच जण म्हणाले, स्पीडब्रेकरवर गाडी हळू घ्या.

पुतणी: म्हणजे उसळी फार मोठी काढली गेली. गाडी वेगात दिसली, तर दोष वेगावर जातो. गाडी हळू यायला हवी, स्पीडब्रेकर एवढासा, आणि तरीही हेल्मेट उडायला हवं. मग दोष द्यायला पट्ट्याशिवाय काही उरतच नाही.

काका: माझं काम तेच, अपघाताचं मूळ कारण शोधणं. तू चित्रात एकच कारण शिल्लक ठेवतेस, बाकीची सगळी काढून घेतेस.

पुतणी: तीस सेकंदांत तेवढंच होतं. खऱ्या अपघातात एकच कारण कधी नसतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून फिल्म पुरेशी नाही. ज्याचं बक्कल तुटलंय, तो ओढून बघेल, हेल्मेट हातात येईल, आणि पुढे?

काका: पुढे माझं काम. सोमवारी सकाळच्या टूलबॉक्स टॉकला फिल्म दाखवतो आणि बक्कल तुटलेल्यांना तिथल्या तिथे नवीन, आयएसआय मार्कचं हेल्मेट मिळेल अशी सोय स्टोअरमधून करून घेतो. तो 50,029 चा आकडाही तेव्हाच सांगेन. तुझ्या फिल्ममध्ये नाही मावला, पण तो सांगायला माझ्याकडे दहा मिनिटं आहेत.

पुतणी: आणि सुधारलेला तुकडा पुन्हा दाखवा. या वेळी नवीन माणसांना, ज्यांनी पहिला बघितला नाही त्यांना. ते ‘हेल्मेट घाला’ म्हणाले तरी मी नापास समजेन. ‘पट्टा लावा’ हेच उत्तर यायला हवं.